रोजचे यील्ड आणि डेट फंडाचा मुहूर्त

केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्याचे यील्ड हा भारतीय रोखेबाजारातला सर्वांत जास्त पाहिला जाणारा आकडा. सरकार कर्ज उभारताना रोखा विकते आणि त्यावर मुदतभर ठरलेले व्याज देते. हे व्याज पुढे बदलत नाही. बदलते ती रोख्याची बाजारातली किंमत. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ६.३३ टक्के व्याजाचा, २०३५ साली परतफेड होणारा रोखा काढला. तो शंभर रुपयांना घेतला तर घेणाऱ्याला ६.३३ टक्के सुटतात. काही महिन्यांनी बाजाराला ६.५८ टक्के हवे झाले, तर सरकार व्याज वाढवून देत नाही. मग त्याच रोख्याला शंभरऐवजी साधारण ९८ रुपये २० पैसेच मिळतात. कमी किमतीत घेतल्यामुळे नव्या खरेदीदाराचे ६.५८ टक्के भरून निघतात आणि जुन्या धारकाच्या कागदी किमतीतून पावणेदोन टक्क्यांहून थोडे अधिक वजा होतात. यील्ड वर गेले की किंमत खाली आणि यील्ड खाली आले की किंमत वर, एवढाच हा संबंध आहे.

डेट फंडाकडे असे रोखे असतात आणि त्यांची किंमत रोज संध्याकाळी नव्याने धरली जाते. त्यामुळे यील्ड वाढले त्या दिवशी फंडाची एनएव्ही सहसा घसरते किंवा नेहमीपेक्षा कमी वाढते. यातूनच अनेकांना सवय लागते ती रोज यील्ड पाहण्याची. ते वर गेले, म्हणजे फंड स्वस्त झाला, की पैसे टाकायचे. खाली आले की थांबायचे. आकडा मिळणेही अवघड नाही. सरकारी रोख्यांचे बहुतेक सौदे रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या यंत्रणेवर होतात. ही यंत्रणा क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते आणि तिथले भाव कोणालाही पाहता येतात. बँकेच्या ट्रेझरीतला डीलर जो आकडा पाहतो, तोच घरी बसलेल्या निवृत्त माणसालाही दिसतो. प्रश्न असा, की तो आकडा पाहून त्या माणसाला ठरवता काय येते?

या प्रश्नाच्या दोन बाजू २०२५ च्या सप्टेंबरात झालेल्या एका संभाषणातून स्पष्ट होतात. एक बाजू निवृत्त लेखाधिकारी असलेल्या काकांची. निवृत्तीचे वीस लाख रुपये त्यांनी लिक्विड फंडात ठेवले होते आणि डेट फंडात वळवण्यासाठी योग्य दिवसाची ते वाट पाहत होते. दुसरी बाजू त्यांच्या पुतणीची, जिने काही वर्षे एका बँकेच्या ट्रेझरीत काम केले होते. काकांजवळ आडव्या रेघांची वही होती. तिच्यात तारीख, सकाळचे यील्ड, बंद होतानाचे यील्ड आणि शेवटी एका शब्दात कारण असे चार रकाने होते.

काकांचा मुद्दा सरळ होता. "अगं, भाजी घेताना आपण भाव विचारतो, मग वीस लाख टाकताना का नाही? यील्ड हाच इथला भाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा वर्षांचा रोखा ७.३५ च्या वर होता. तेव्हा गिल्ट फंडात शिरले, त्यांना पुढच्या वर्षभरात घसरत्या यील्डचा फायदा झाला. २०२० मध्ये सहा टक्क्यांच्या खाली होता. तेव्हा शिरलेल्यांनी दोन वर्षे नुसते हात चोळले. मग भाव पाहण्यात चूक काय?"

पुतणीने भाव पाहण्याला हरकत घेतली नाही. तिने आधी विचारले ते वेगळेच. "काका, तुम्ही पैसे टाकणार कुठल्या फंडात?" काकांचे ठरले नव्हते. लिक्विडपेक्षा थोडे जास्त देणारा, चांगला, एवढेच त्यांच्या मनात होते. हा तपशील किरकोळ वाटतो, पण निम्मे उत्तर त्यातच आहे. यील्डच्या एकाच हालचालीचा परिणाम प्रत्येक फंडावर सारखा होत नाही. तो किती होईल हे मॉडिफाईड ड्युरेशन या आकड्यावरून कळते. हा आकडा प्रत्येक डेट फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये छापलेला असतो. यील्ड एक टक्का हलले तर फंडाची किंमत साधारण किती टक्के उलट दिशेने हलेल, हे तो सांगतो. फंड लो ड्युरेशन प्रकारचा असेल तर तो बहुधा एकाच्या आत असतो, बऱ्याच कॉर्पोरेट बाँड फंडांत तीनच्या आसपास आणि लांब मुदतीचे रोखे धरणाऱ्या गिल्ट फंडात नऊपर्यंत किंवा त्याहून वर जातो.

दहा बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचा दहावा भाग, ही रोखेबाजारात चांगलीच मोठी हालचाल धरली जाते. साध्या दिवशी दहा वर्षांचे यील्ड दोन-चार बेसिस पॉइंट इकडे-तिकडे होते. काकांनी मोठ्या हालचालीचा दिवस अचूक साधला आणि दहा बेसिस पॉइंट वाढल्यावरच पैसे टाकले असे धरू. ड्युरेशन ०.८ असलेल्या फंडात वीस लाखांवर त्यांचे १,६०० रुपये वाचतात. ड्युरेशन तीन असेल तर ६,०००, आणि नऊ असेल तर १८,०००. ही बचत दरवर्षी होत नाही. ती प्रवेशाच्या वेळी एकदाच होते. शिवाय पहिल्या दोन रकमा धरताना मानले आहे, की त्या फंडातल्या कमी मुदतीच्या रोख्यांचे यील्डही दहा वर्षांच्या रोख्याइतकेच हलले. प्रत्यक्षात तसे होईलच असे नाही. वर्षभराच्या आतले कागद रेपो दराकडे आणि बँकांजवळच्या रोकडीकडे पाहून चालतात. दहा वर्षांचा रोखा महागाई, सरकारची उधारी आणि परदेशातले व्याजदर यांकडेही पाहतो. लो ड्युरेशन फंडात पैसे टाकणाऱ्याने दहा वर्षांचे यील्ड रोज टिपणे म्हणजे पुण्याला जायचे असताना नागपूरच्या गाडीचे वेळापत्रक पाठ करण्यासारखे आहे.

इथे काकांनी माघार घेतली नाही, फक्त मोर्चा बदलला. "बरं, मग गिल्ट फंडच धरू. अठरा हजार काही थोडे नाहीत."

गिल्ट फंडात रक्कम खरोखर मोठी होते, आणि कोणती बाजू बरोबर याचा निकालही तिथेच लागतो. यील्ड पाहून मुहूर्त काढायचा, तर आजचा आकडा कळणे पुरेसे नाही; उद्याचा किंवा पुढच्या महिन्याचा आकडा आजपेक्षा कमी असेल, असा अंदाज त्यात गृहीत असतो. आजचे यील्ड वर आहे म्हणून ते खाली येईलच असे नाही. ते आणखी वर जाण्यापूर्वीचा हा मधला टप्पाही असू शकतो. बाजाराला जी बातमी कळली आहे, ती त्या आकड्यात आधीच उतरलेली असते. ज्या बातमीने तो पुढे हलेल, ती अजून यायची असते.

पुतणीने २०२५ च्या उन्हाळ्याचे उदाहरण घेतले, कारण ते काकांच्या वहीतच होते. फेब्रुवारीपासून रिझर्व्ह बँक रेपो दर कमी करत होती. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये आणखी पाव टक्का कपात झाली. ६ जूनच्या पतधोरणात पाव टक्क्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अर्धा टक्का कपात होऊन रेपो ५.५० वर आला. बँकांना राखून ठेवावा लागणारा रोख राखीव निधीही चार टप्प्यांत एक टक्क्याने कमी करण्याचे जाहीर झाले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे यानंतर यील्ड घसरायला हवे होते. निर्णय ऐकताच ते घसरलेही. पण त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा 'अनुकूल'वरून 'तटस्थ' केल्याचेही सांगितले होते. बाजाराने त्याचा अर्थ असा काढला, की आता यापुढे फारशी कपात नाही. सकाळची घसरण टिकली नाही आणि पुढच्या आठवड्यांत यील्ड वर सरकत गेले. जूनच्या सुरुवातीला ६.२ टक्क्यांच्या आसपास असलेला दहा वर्षांचा रोखा ऑगस्टअखेर ६.६ च्या जवळ पोचला. तीस वर्षांचा रोखा तर सात टक्के ओलांडून गेला.

काकांनी वही उघडून ६ जूनची नोंद दाखवली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'कपात'.

त्या दिवशी पाच लाख रुपये नऊ ड्युरेशनच्या गिल्ट फंडात गेले असते, तर पुढच्या तीन महिन्यांचा हिशेब असा होतो. यील्ड सुमारे ०.३५ टक्का वाढले. नऊने गुणल्यावर किमतीतली घट ३.१५ टक्के. त्याच काळात फंडातल्या रोख्यांवरचे व्याज साधारण दीड टक्का जमा झाले. निव्वळ तोटा दीड टक्क्याहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे आठ हजार रुपये. लांब मुदतीचे रोखे दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त पडले असल्याने असे रोखे भरपूर बाळगणाऱ्या फंडाला फटका याहून मोठा बसला असता. एका तिमाहीची एवढी घट म्हणजे संकट नव्हे. पण ज्याने 'दर घटले, म्हणजे आता फंड वाढणार' या समजुतीवर दिवस निवडला, त्याची समजूत नेमकी उलट ठरली.

काका म्हणाले, "म्हणूनच रोज बघायचं. मी जूनमध्ये पैसे टाकले नाहीत, ते बघत होतो म्हणूनच. तिमाहीतून एकदा बघणारा मात्र अडकला असता."

"आणि १४ ऑगस्टला तुम्ही काय केलं असतं?" पुतणीने विचारले.

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. त्या दिवशी एस अँड पी या पतमापन संस्थेने भारताचे पतमानांकन 'ट्रिपल बी मायनस'वरून 'ट्रिपल बी' केले. यील्ड झपाट्याने उतरले आणि ६.४ टक्क्यांच्या जवळ आले. रोज पाहणाऱ्याला असे दिवस सर्वांत जास्त अस्वस्थ करतात. इतके दिवस थांबलो आणि आता संधी निसटली असे वाटते, आणि घाईने पैसे टाकले जातात. शुक्रवारी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटीच्या दरांत मोठे बदल करण्याची घोषणा झाली. कर कमी म्हणजे सरकारचे उत्पन्न कमी आणि मग उधारी जास्त, अशी धास्ती बाजाराने घेतली. शनिवार-रविवार संपून सोमवारी, १८ तारखेला, यील्ड एका दिवसात सुमारे दहा बेसिस पॉइंट चढून ६.५ च्या घरात गेले. गुरुवारी संध्याकाळपर्यंत रोज आकडा टिपणाऱ्यालाही सोमवारचे काही दिसत नव्हते. दिसणे शक्यच नव्हते, कारण घोषणाच शुक्रवारी झाली.

काकांनी तेव्हा पैसे टाकले नव्हते. पण त्या गुरुवारी दुपारी आपण फंडाचे ॲप उघडून बसलो होतो आणि रक्कम भरण्याआधी जेवायला हाक आली, हे त्यांनी हसत कबूल केले.

मुहूर्त काढणाऱ्यापुढची आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. डीलर स्क्रीनवर ६.५८ दिसताच त्याच क्षणी, त्याच भावात रोखा घेऊ शकतो. फंडात पैसे टाकणाऱ्याला ते जमत नाही. डेट फंडाच्या बाबतीत, लिक्विड आणि ओव्हरनाइट फंड वगळता, अर्ज दुपारी तीनच्या आत द्यावा लागतो आणि पैसेही त्याच वेळेच्या आत फंडाच्या खात्यात पोचावे लागतात. फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम लहान असो वा मोठी, नियम हाच आहे. त्यानंतर मिळते ती त्या दिवसअखेरची एनएव्ही. सकाळी अकराला चढलेले यील्ड संध्याकाळपर्यंत खाली आले असेल, तर सकाळच्या आकड्याचा उपयोग शून्य. काकांसारखे पैसे आधी लिक्विड फंडात असतील, तर तिथून बाहेर काढून नव्या फंडात पोचेपर्यंत बहुधा पुढचा कामाचा दिवस उजाडतो. म्हणजे ज्या दिवसाचे यील्ड पाहून निर्णय घेतला, त्या दिवसाची किंमत मिळतच नाही.

वहीतल्या यील्डच्या रकान्यातही एक छुपा दोष होता. दहा वर्षांचे यील्ड म्हणजे एकच रोखा कायमचा नसतो. नवा रोखा निघाला, की व्यवहार हळूहळू त्याच्याकडे सरकतात आणि बातम्यांतला 'बेंचमार्क' बदलतो. २०२५ मध्ये २०३४ च्या रोख्याची जागा २०३५ च्या रोख्याने घेतली. दोन रोख्यांच्या यील्डमध्ये थोडा फरक असल्याने त्या दिवशी वहीत एक पायरी दिसते. बाजार हललेला नसतो, मोजायचा रोखा बदललेला असतो. काकांच्या नोंदीत मे-जूनमधली एक घसरण काही अंशी अशीच होती. आकडा लिहिताना रोख्याचे नाव शेजारी लिहिले असते, तर हे तिथल्या तिथे कळले असते.

यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की सरकारी रोख्याचे यील्ड फंडातल्या कंपन्यांच्या कर्जाबद्दल काहीच सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या धक्क्यानंतर रिझर्व्ह बँक दर उतरवत होती. त्याच महिन्यात २३ तारखेला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्या योजनांकडे कमी पतमानाच्या कंपन्यांचे रोखे मोठ्या प्रमाणात होते. घाबरलेल्या बाजारात ते विकता येईनात आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. ते पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण बराच काळ हाताशी नव्हते. सरकारी यील्डचा आलेख त्या काळात डेट फंडांना अनुकूल दिसत होता. फंड निवडताना आधी पाहायची ती त्यातल्या रोख्यांची पत. यील्डचा नंबर त्यानंतर लागतो.

"म्हणजे माझी वही फेकून देऊ?" काका थोडे चिडले होते.

पुतणीचे उत्तर नकारार्थी होते, आणि तिची बाजू इथे काकांच्या बाजूच्या जवळ येते. तिच्या मते यील्डची पातळी उपयोगाची असते, रोजची हालचाल नसते. पातळी दोन गोष्टी सांगते. पहिली, फंड पुढे साधारण किती देईल. फॅक्टशीटमध्ये ड्युरेशनच्या शेजारीच फंडाचे 'यील्ड टू मॅच्युरिटी' दिलेले असते. त्यातून फंडाचा खर्च वजा केला, की अपेक्षेचा आकडा मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज चुकला तर सोसण्याची जागा किती आहे. फंडाच्या यील्डला ड्युरेशनने भागले, की ती मिळते. यील्ड ७.४ आणि ड्युरेशन सात असेल, तर वर्षभरात बाजाराचे यील्ड साधारण एक टक्क्याहून थोडे जास्त वाढेपर्यंत भांडवल शाबूत राहते, कारण वर्षाचे व्याज तेवढी घट खाऊन टाकते. यील्ड सहा असेल, तर तीच जागा ०.८६ टक्क्यावर येते. २०२३ मध्ये शिरलेल्याची बाजू २०२० मध्ये शिरलेल्यापेक्षा भक्कम होती, हा काकांचा दावा या हिशेबाने खरा ठरतो. मात्र हा फरक वर्षांच्या अंतराने पडला आहे. महिन्यातून एकदा पाहणाऱ्यालाही तो तितकाच स्पष्ट दिसला असता.

थांबण्याची किंमत हा पुढचा मुद्दा, आणि त्यात पुतणीने काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली. लिक्विड फंड वर्षाला ५.८ टक्के देतो आणि ज्या कॉर्पोरेट बाँड फंडात जायचे, त्याचे यील्ड ६.८ आहे असे समजू. फरक एक टक्का, म्हणजे वीस लाखांवर महिन्याला सुमारे १,६७० रुपये. त्या फंडाचे ड्युरेशन तीन असेल, तर महिन्याभरात यील्ड तीन बेसिस पॉइंटही वाढले, की थांबण्याची किंमत वसूल होते. म्हणजे एखादा महिना थांबणे फार महाग नाही. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात थांबलेल्याचा फायदाच झाला. पण हेच गणित उलटही चालते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.३५ च्या वर गेलेले यील्ड पाहून 'साडेसात होऊ दे, मग टाकतो' म्हणणारे थांबले. यील्ड तिथे परत गेले नाही; वर्षभरात ते पावणेसातच्या आसपास उतरले. रोज पाहणाऱ्याला यातून बाहेर पडणे जास्त कठीण जाते, कारण हुकलेला वरचा आकडा त्याच्या वहीत लिहिलेला असतो आणि त्यापेक्षा कमी काहीही त्याला महाग वाटते. काकांच्या वहीत पानाच्या कोपऱ्यात ७.०० लिहून त्याभोवती गोल केलेला होता. तो आकडा कशावरून ठरवला, हे त्यांना सांगता आले नाही.

मुहूर्ताचा प्रश्न बऱ्याच अंशी निकाली काढणारी एक पद्धत आहे, ती म्हणजे फंडाची मुदत आणि गरजेची मुदत जुळवणे. टार्गेट मॅच्युरिटी फंड ठरलेल्या वर्षी मुदत संपणारे रोखे घेतात आणि त्या वर्षी पैसे परत करतात. पाच वर्षांनी लागणारे पैसे पाच वर्षांनी संपणाऱ्या अशा फंडात आज टाकले आणि उद्या यील्ड वाढले, तर एनएव्ही आज पडेल. पण मुदत जवळ येईल तसे रोखे पुन्हा शंभर रुपयांकडे सरकतात, आणि मधल्या काळात मिळणारे व्याज वाढलेल्या दराने गुंतवले जाते. शेवटी हातात येणारा परतावा पहिल्या दिवशीच्या यील्डच्या जवळपासच राहतो. ६.७ टक्के दिसत असताना टाकले आणि फंडाचा खर्च ०.२ टक्का असेल, तर साडेसहाच्या आसपास अपेक्षा ठेवता येते, मधे बाजारात काहीही होवो. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात: मधेच पैसे काढायचे नाहीत आणि रोखे चांगल्या पतीचे हवेत. अशा फंडात रोजचे यील्ड पाहून एकच प्रश्न सोडवायचा असतो: आज जे मिळते आहे, ते मला पुरेसे आहे का?

करांमुळेही शिरण्या-निघण्याचा खेळ पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडावरचा नफा, तो कितीही वर्षांनी काढला तरी, उत्पन्नात मिळवून नेहमीच्या दराने करपात्र होतो. महागाईचा निर्देशांक लावून मिळणारी जुनी सवलत या गुंतवणुकीला नाही. जो माणूस यील्ड पाहून गिल्टमध्ये जातो आणि नफा दिसताच बाहेर येतो, त्याला दरवेळी त्या वर्षी कर भरावा लागतो. जो पाच वर्षे बसून राहतो, त्याचा कर शेवटी एकदाच येतो आणि तोपर्यंत ती रक्कम कमावत राहते.

शेवटी वीस लाखांची विभागणी यील्डवरून झाली नाही, गरजेवरून झाली. आजारपण आणि घरखर्चासाठी चार लाख लिक्विड फंडातच राहिले. दोन वर्षांत घराच्या दुरुस्तीला लागणारे सहा लाख कमी मुदतीच्या, चांगल्या पतीच्या फंडात गेले, तेही दिवस न पाहता. उरलेले दहा लाख पाच-साडेपाच वर्षांनी संपणाऱ्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात दोन हप्त्यांत टाकायचे ठरले, एक लगेच आणि एक सप्टेंबरअखेर केंद्र सरकार पुढच्या सहामाहीचे उधारीचे वेळापत्रक जाहीर करील त्यानंतर. दुसऱ्या हप्त्यासाठी हा दिवस काकांनी सुचवला होता आणि पुतणीने तो मान्य केला. सरकार कोणत्या मुदतीचे किती रोखे विकणार हे त्या दिवशी कळते, आणि यील्डची पातळी बदलण्याइतकी ती माहिती खरोखर महत्त्वाची असते.

गिल्ट फंडाबाबत मात्र दोघांचे एकमत झाले नाही. काकांना अजूनही वाटते, की यील्ड सात टक्क्यांना लागले तर दोन-तीन लाख तिकडे वळवावेत. पुतणीच्या मते ड्युरेशन नऊ असलेल्या फंडात निवृत्तीचे पैसे टाकायचेच असतील, तर किमान सात-आठ वर्षे हात न लावण्याची तयारी हवी, आणि ती तयारी असेल तर ६.६ आणि ७ यांतल्या फरकासाठी वर्षभर थांबणे परवडत नाही. ज्याला यील्ड पाहायचेच आहे, त्याने रिझर्व्ह बँकेचे दोन महिन्यांतून येणारे पतधोरण, अर्थसंकल्प, मार्च आणि सप्टेंबरअखेरचे उधारीचे वेळापत्रक आणि आपल्या फंडाची महिन्याची फॅक्टशीट एवढे पाहावे. लिक्विड, लो ड्युरेशन किंवा मुदत जुळवलेल्या फंडात पैसे टाकणाऱ्याला दहा वर्षांचे यील्ड रोज पाहण्याची गरज नाही.